सकाळी बर्फाची लादी कच्ची का निघते, आणि पाळी बदलताना ही नवीन पंधरा मिनिटं कशासाठी

रात्रपाळीच्या सगळ्या मंडळींना नमस्कार. ऑपरेटर, क्रेनवाले, टाकीवरचे, क्रशरवरचे, सगळ्यांसाठी आहे हे. जरा लांब झालंय पण एकदा पूर्ण वाचा, कारण अर्धवट वाचून "म्हणजे आता पंधरा मिनिटं फुकट थांबायचं का" असं गेटवर बोलणं सुरू होणार हे मला माहितीये. फुकट नाही, त्याचं खाली लिहिलंय.

आधी प्रॉब्लेम काय तो. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली आणि बोटी बाहेर पडायला लागल्या, तेव्हापासून पहाटेच्या लोडिंगला कच्च्या लाद्यांची तक्रार येतेय. रोज नाही, पण आठवड्यातून आठ लाद्यांची एखादी ओळ तरी निघतेच. जेटीवर टेम्पो गेला, लादी क्रशरमध्ये घातली की बर्फाबरोबर पाण्याची धार लागते, आणि वर तांडेल उभा असतो, तो काय गप्प बसतोय होय, "बरफ दिलास काय पानी दिलास" म्हणून सगळ्या जेटीसमोर ऐकवतो. त्याचंही बरोबर आहे. तो आठ दिवसांसाठी बाहेर जाणार, खणात भरलेला बर्फ त्याला तेवढा पुरायला हवा, आणि आपण लादी मोजून पैसे घेतो.

प्रत्येक वेळी मग तेच. रात्रपाळी म्हणते आम्हाला ओळ तयार आहे म्हणून सांगितलं, दुसरी पाळी म्हणते आम्ही असं काही सांगितलंच नाही, पहिल्या पाळीला तर काहीच माहीत नसतं. मी सगळ्यांशी बोललोय, रजिस्टर पण मागचं सगळं चाळलं, आणि मला कोणाची कामचुकारी दिसली नाही. दिसलं ते एवढंच की आपल्या रजिस्टरमध्ये कंप्रेसरची सगळी रीडिंग आहेत पण टाकीतल्या ओळींचं काहीच नाही. कुठली ओळ कधी भरली ते क्रेनवाल्याच्या डोक्यात, आणि क्रेनवाला दहाला घरी.

आता मुद्दा नीट समजून घ्या. आपली लादी दीडशे किलोची, डब्याची जाडी अकरा इंच. एवढी जाड लादी एका पाळीत होत नाही, दोनात पण नाही, टाकीतलं ब्राइन, म्हणजे मिठाचं गार पाणी, चांगलं असलं तरी सहा पाळ्या लागतात. म्हणजे जी ओळ तुम्ही रात्री काढता ती तुमच्या हातात यायच्या आधी पाच वेळा पाळी बदललेली असते. त्यातल्या एकाही पाळीत काय झालं ते पुढे सांगितलं गेलं नाही तर काढणारा माणूस अंदाजानेच काढणार.

आणि आपला अंदाज म्हणजे "दोन दिवस झाले की काढा". हा नियम चुकीचा नाही, पण तो डिसेंबर-जानेवारीचा नियम आहे. तेव्हा भरायचं पाणी गार असतं, बोटींची मागणी बेताची असते आणि टाकी उणे दहाला आरामात टिकते. बर्फ कारखान्यांत एक जुना हिशोब चालतो, जाडीचा वर्ग करून त्यावरून तास काढतात, तो आपल्या अकरा इंचाला लावला तर सोपं गणित निघतं: ४७० ला ब्राइनच्या उणे डिग्रीने भागा. उणे १० असेल तर ४७ तास. म्हणजे दोन दिवस, बरोबर. पण उणे ९ ला ५२ तास, उणे ८ ला ५९ तास, आणि उणे ७ ला तब्बल ६७ तास. तीन डिग्रीचा फरक आणि लादी जवळजवळ एक अख्खा दिवस मागे. आत्ता सीझनला आपली टाकी नऊवर चालते, दहावर नाही, हे तुम्हाला पण माहितीये.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. बर्फ डब्याच्या कडेने आत आत धरत जातो आणि जसजसा थर जाड होतो तसतसा स्पीड कमी होतो, कारण आतल्या पाण्याची उष्णता त्या बर्फाच्या थरातूनच बाहेर यायची असते. त्यामुळे निम्म्या वेळात लादी सत्तर टक्के धरलेली दिसते, आणि सगळ्यात शेवटचे मधले दोन इंच धरायला एकूण वेळेचा तिसरा हिस्सा जातो. म्हणजे शेवटच्या दोन इंचांना दोन पाळ्या! वरून झाकण उचलून बघितलं तर पापडी धरलेली असते, सळईने ठोकलं तर टणक वाजतं, आणि आत मधोमध पाण्याची उभी फट असते. म्हणून वरून बघून "झालीये" म्हणू नका, कितीही वर्षांचा अनुभव असू दे.

मागच्या एका केसचंच सांगतो म्हणजे लक्षात येईल. टाकीच्या पार टोकाची ओळ, ब्राइन फिरवणाऱ्या अजिटेटरपासून सगळ्यात लांबची. सोमवारी रात्री दहाला भरली. रात्रभर ब्राइन उणे ९, मंगळवारी सकाळच्या पाळीत पण उणे ९. मंगळवारी दुपारी दोननंतर लाईट गेली, जनरेटरवर कंप्रेसर घेतला पण अजिटेटरचा बेल्ट घसरत होता, पंखा फिरतोय असं दिसत होतं पण ब्राइन पुढे ढकललं जात नव्हतं. थर्मामीटर आपला कॉइलच्या बाजूला, तिथे रीडिंग उणे ९ च दिसत होतं कारण गार ब्राइन तिथेच साचलेलं, आणि टोकाला मात्र त्या पाळीत सरासरी उणे ६. संध्याकाळी उशिरा बेल्ट ताणला, काम चोख झालं, पण रजिस्टरमध्ये फक्त "बेल्ट टाईट केला" एवढी ओळ. रात्रपाळीत टोकाचं ब्राइन हळूहळू खाली आलं, सरासरी उणे ७. मग बुधवारी दोन्ही पाळ्या उणे ९.

बुधवारी रात्री दहाला दोन दिवस पूर्ण. साडेदहाला रात्रपाळीने ओळ काढली. नियमाप्रमाणेच काढली.

आता हिशोब करा. प्रत्येक पाळीचे आठ तास गुणिले त्या पाळीतली उणे डिग्री, असं धरत जायचं आणि बेरीज ४७० झाली की लादी तयार. सोमवार रात्र ८ गुणिले ९, ७२. मंगळवार सकाळ ७२, झाले १४४. मंगळवार दुपार ८ गुणिले ६, ४८, झाले १९२. मंगळवार रात्र ५६, झाले २४८. बुधवार सकाळ ७२, ३२०. बुधवार दुपार ७२, ३९२. म्हणजे बुधवारी रात्री दहाला त्या ओळीला अजून ७८ कमी होते, आणि उणे ९ ने ७८ भरायला पावणेनऊ तासांच्या आसपास लागतात. ती ओळ गुरुवारी सकाळी पावणेसातला तयार होणार होती. साडेदहाला काढल्यावर आत जवळजवळ एक इंच रुंद पाण्याची फट राहणारच, आणि तीच राहिली. रात्री ओळ काढणाऱ्याला मंगळवारच्या बेल्टचं कळायला काही मार्गच नव्हता.

तर आता उपाय. येत्या सोमवारपासून प्रत्येक पाळी बदलताना पंधरा मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र असतील. येणाऱ्यांची वेळ बदलत नाही, सकाळी ६, दुपारी २, रात्री १०, तशीच. जाणारे पंधरा मिनिटं उशिरा निघतील, म्हणजे ६:१५, २:१५ आणि १०:१५. रात्रपाळीने रात्री दहाला येऊन ताबा घ्यायचा आणि सकाळी सव्वासहाला ताबा देऊन निघायचं. पंचिंग सव्वासहा नंतरच.

पैशाचं: जेवणाची अर्धा तास सुट्टी वजा जाता तुमचे कामाचे तास रोज साडेसात होतात, पंधरा मिनिटं धरून पावणेआठ, सहा दिवसांचे साडेशेहेचाळीस. ते आठवड्याच्या ४८ च्या आत बसतात त्यामुळे डबल रेटचा ओव्हरटाईम त्यावर लागत नाही, पण पंधरा मिनिटांचे साध्या रेटने पैसे मिळणार आहेत, ऑफिसने मान्य केलंय आणि महिन्याच्या पगारात ते वेगळ्या ओळीत दिसेल. नाही दिसलं तर मला सांगा, मी बघतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या पंधरा मिनिटांत क्रेन बंद. दोन पाळ्यांची माणसं आहेत तर चार ओळी जास्त काढून घेऊ असं कोणाच्या डोक्यात येऊ नये. फॅक्टरीच्या कायद्यात एकाच कामावर दोन पाळ्या एकाच वेळी राबवायला तशीही बंदी आहे, आणि क्रेन चालू असताना टाकीवर दहा माणसं फिरायला लागली तर कोणाचा तरी पाय झाकण काढलेल्या खणात जाणार. ताबा म्हणजे ताबा, बाकी काही नाही. टेम्पोवाला कितीही हॉर्न वाजवू दे.

आता त्यात करायचं काय. सुरुवात टाकीवर करायची, आणि निम्मा वेळ तिथेच जाऊ दे. टाकीच्या भिंतीवर मोठा फळा लावलाय, चोवीस ओळींना चोवीस खण. प्रत्येक ओळीसमोर भरल्याची तारीख, वेळ, आणि मार्क. मार्क म्हणजे वर सांगितली तीच बेरीज, ४७० ला पास. जाणाऱ्या पाळीच्या टाकीवाल्याने निघायच्या आधी आपल्या पाळीचे मार्क प्रत्येक ओळीत मिळवून ठेवायचे, आणि येणाऱ्याबरोबर टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन दाखवायचं. फळ्यासमोर उभं राहून नाही, चालत. कारण फळ्यावर नसलेल्या गोष्टी चालतानाच दिसतात, कुठलं झाकण तुटलंय, कुठल्या ओळीत पाणी कमी भरलंय, कुठे ब्राइन वर येऊन डब्याच्या काठाला लागतंय.

मार्क काढायला डिग्री कुठली घ्यायची? टोकाची. टाकीच्या लांबच्या टोकाला दुसरा थर्मामीटर बसवलाय, तोच धरायचा सगळ्या ओळींना. पाळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तीनदा वाचा आणि सरासरी घ्या, पॉइंटमध्ये शिरू नका, अर्ध्या डिग्रीपर्यंत बस. यामुळे कॉइलजवळच्या ओळी गरजेपेक्षा दोन-तीन तास जास्त राहतील हे मला कळतंय. राहू देत. तयार लादी टाकीत थोडी जास्त राहिली तर थोडं वीजबिल जाईल, कच्ची गेली तर गिऱ्हाईक जाईल. पाळीच्या मध्येच भरलेल्या ओळीला उरलेले तासच धरायचे, सायंकाळी सातला भरली तर दहापर्यंत तीनच तास.

दोन्ही थर्मामीटर पण एकमेकांशी ताडून बघा. एका डिग्रीपर्यंतचा फरक नेहमीचा. दीड-दोनच्या वर गेला म्हणजे ब्राइन फिरत नाहीये, अजिटेटर बघा, पंखा फिरताना दिसतोय यावर जाऊ नका. टोकाच्या ओळीचं झाकण उचलून ब्राइनवर लाकडाचा छोटा तुकडा टाका, तो सरकत गेला पाहिजे. जागेवर घुटमळला तर बेल्ट सैल आहे. पंधरा मिनिटांतलं हे एक मिनिटाचं काम आहे आणि वर सांगितलेली केस त्या एका मिनिटात पकडली गेली असती.

मग मशीन रूम. इथे एक नियम नवीन आहे आणि तो विचित्र वाटेल: येणारा ऑपरेटर आधी आत जाणार, जाणारा मागून. कारण आठ तास आत बसलेल्याचं नाक मेलेलं असतं, बारीक अमोनिया सुटत असेल तर त्याला वास येत नाही, बाहेरच्या हवेतून आलेल्याला दारातच येतो. त्याने दारात उभं राहून सांगायचं, वास आहे की नाही, आणि ते रजिस्टरमध्ये लिहायचं, "वास नाही" असं सुद्धा. वास असेल तर गंधकाची कांडी पेटवून ग्लँड, फ्लँज, व्हॉल्व्हच्या दांड्या यांच्याजवळ फिरवा, जिथे गळतंय तिथे पांढरा धूर दाट होतो. वास बारीक असेल तरच हं. डोळे चुरचुरायला लागले, खोकला आला तर कांडी वगैरे काही नाही, सगळ्यांनी बाहेर, वारा जिकडून येतोय त्या बाजूला, आणि मला फोन.

रीडिंग तीनच तोंडी सांगायची, बाकीची रजिस्टरमध्ये आहेतच. सक्शन, डिस्चार्ज आणि ऑइल लेव्हल. ब्राइन नऊला असताना आपलं सक्शन वीस पौंडाच्या आसपास असतं, डिस्चार्ज एकशेऐंशी ते दोनशे. आकडा नुसता सांगू नका, आठ तासांत तो कुठून कुठे गेला ते सांगा. "सक्शन सोळा" याला काही अर्थ नाही. "दोनला वीस होतं, आता सोळा, आणि ब्राइन वर चढतंय" याला अर्थ आहे, ब्राइन गरम होत असताना सक्शन पडत असेल तर कॉइलवर काहीतरी बसलंय, एक तर आत तेल नाहीतर बाहेर बर्फ. बाहेर बर्फ बसतो तेव्हा मीठ कमी पडलेलं असतं. हायड्रोमीटर १.१५ दाखवत असेल तर ठीक, १.१२ ला आला म्हणजे ते ब्राइन उणे बाराच्या आसपास गोठायला लागतं आणि आपली कॉइल तर उणे पंधराला असते. पावसात पत्र्यातून टाकीत पाणी गळतं आणि डबे भरताना नळी सोडून दिली की सांडतं, मीठ पातळ व्हायची आपल्याकडे ही दोनच कारणं आहेत. त्यामुळे नळी हातात धरून भरा.

तिसरी गोष्ट, अर्धवट काम. कुठला व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा वेगळ्या स्थितीत आहे, काय बंद केलंय, काय बायपास केलंय, हे हात लावून दाखवायचं, तोंडी नाही. बंद व्हॉल्व्हला लाल पट्टी बांधायची आहे, पट्ट्या मशीन रूमच्या कपाटात ठेवल्यात. आणि तेल काढायचं काम, म्हणजे ऑइल ड्रेन, पाळी संपायच्या शेवटच्या अर्ध्या तासात सुरू करायचंच नाही. तेल संपलं की मागून अमोनिया येतो, ड्रेनचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून कोणी "जरा सांगून येतो" म्हणून दारापर्यंत गेला तरी खेळ खल्लास. चालू असेल तर ज्याने सुरू केलं त्यानेच बंद करून मग ताबा द्यायचा, मग सव्वासहाचे साडेसहा झाले तरी चालतील, तो वेळ मी मांडून देईन.

शेवटी ऑर्डर. रात्रपाळीला हे सगळ्यात महत्त्वाचं कारण पहाटे चार ते सहा लोडिंग तुमच्याकडेच असतं. किती बोटींना किती लाद्या, पहिला टेम्पो किती वाजता, आणि त्याच्यासाठी कुठल्या ओळी. आता इथे फळा आणि ऑर्डर जुळवून बघायची आहे, दहा वाजताच, पहाटे नाही. समजा ऑर्डर चाळीस लाद्यांची आहे, एका ओळीत आठ म्हणजे पाच ओळी लागणार, आणि फळ्यावर पहाटे चारपर्यंत ४७० ला पोचणाऱ्या ओळी चारच आहेत. मग ते दहालाच कळतं. दहाला कळलं तर तांडेलाला फोन करता येतो की बाबा आठ लाद्या सातनंतर मिळतील, तो चहा पिईल, थोडं बोलेल, पण थांबेल. पहाटे टेम्पो दारात उभा असताना कळलं तर कच्ची ओळ निघणारच, तुम्ही काय, मी असतो तरी मोह झाला असता. म्हणून रात्री सव्वादहापर्यंत मला एक मेसेज, ऑर्डर किती आणि तयार ओळी किती. फक्त दोन आकडे. कमी पडत असतील तर तांडेलाशी मी बोलेन, तुम्ही नाही.

आणि अजून एक, घाईत सहा-सात ओळी एकदम काढून सगळ्या एकदम भरू नका. तेवढं अठ्ठावीस डिग्रीचं पाणी एकाच वेळी टाकीत आलं की ब्राइन दोन डिग्री वर जातं आणि बाकीच्या सगळ्या ओळींचे मार्क पडतात. दोन भरा, तासाभराने दोन.

एवढं करूनही लादी कच्ची निघाली तर? निघेल कधीतरी. तेव्हा भांडायच्या आधी कुठल्या प्रकारची कच्ची आहे ते बघा, त्यावरून कारण कळतं. ओळ काढल्यावर पहिली लादी आडवी पडू दे आणि टॉर्च मारा, आत पाणी असेल तर बुडबुडा एका टोकाकडून दुसरीकडे पळताना दिसतो. मग ती फोडून मधलं पाणी बोटाने चाखा. गोडं असेल तर लवकर काढली, मार्क तपासा. खारट असेल तर तो डबा गळका आहे, ब्राइन आत शिरतंय, ते पाणी कितीही वेळ ठेवलं तरी धरणार नाही, तिथे पाळीचा काही दोष नाही. त्या डब्याला खडूने फुली मारून बाजूला काढा, वेल्डरकडे जाईल. गळका डबा ओळखायची अजून एक खूण म्हणजे ओळीतल्या आठपैकी नेहमी त्याच जागेवरची एकच लादी कच्ची, बाकी सात पक्क्या.

ओळीतल्या आठही कच्च्या आणि पाणी गोडं, पण फक्त टोकाच्याच ओळींत, तर अजिटेटर. सगळ्या टाकीभर कच्च्या, तर ब्राइनच गरम आहे, वर सक्शन आणि मिठाचं लिहिलंय ते बघा. आणि लादी खाली पक्की पण वरचे तीन-चार इंच भुसभुशीत, तर डब्यात पाणी ब्राइनच्या लेव्हलच्या वर भरलंय. वरच्या पाण्याला बाजूने गार ब्राइन लागतच नाही. डब्यातलं पाणी ब्राइनच्या लेव्हलपेक्षा इंचभर खाली हवं, बर्फ झाल्यावर ते फुगून वर येतंच.

पहिली लादी कच्ची दिसली तर बाकीच्या ओळी डिप टाकीत घालू नका. डिप टाकीत गेली की बाहेरून सुटते, मग परत ब्राइनमध्ये ठेवण्यात अर्थ उरत नाही. त्यामुळे एकच ओळ काढायची, एक लादी बघायची, मग पुढच्या. चार-पाच मिनिटं जातात.

येणारा माणूस आलाच नाही तर काय हे पण विचारलं गेलंय. मशीन रूम रिकामी ठेवायची नाही, हा नियम जुनाच आहे. सव्वासहापर्यंत समोरचा ऑपरेटर आला नाही तर थांबा आणि मला फोन करा, मी माणूस पाठवेन किंवा स्वतः येईन, आणि थांबलेल्या वेळाचे पैसे वेगळे. टाकीवाला आला नाही तर दुसऱ्या कोणालाही फळा दाखवून सही घेऊन निघा, तिथे थांबायची गरज नाही.

सही दोघांची, फळ्याच्या खाली रजिस्टर बांधून ठेवलंय त्यात. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. सही म्हणजे "मी चालत जाऊन बघितलं" एवढाच अर्थ, सही केली म्हणून पुढे काही बिघडलं तर तुमच्या डोक्यावर असं नाही. एखादी गोष्ट पटली नाही, समजा फळ्यावर ४६० लिहिलंय आणि तुम्हाला वाटतंय एवढे नसतील, तर सही करा आणि बाजूला तसं लिहा.

रविवारी पाळ्यांची अदलाबदल होते त्या दिवशी पंधराच्या ऐवजी वीस मिनिटं धरा, कारण मशीन रूममध्ये आठवड्याने येणारा माणूस असतो.

सकाळच्या गाडीचा प्रश्न राहिला. सहाच्या एसटीने जाणारे चौघे-पाच जण आहेत, त्यांची ती गाडी आता चुकणार. पुढची गाडी मिळेपर्यंत फाट्यावर ताटकळू नका, जेटीवरून परत येणारा आपला रिकामा टेम्पो साडेसहाला फाट्यापर्यंत आणि तिथून पुढे नाक्यापर्यंत सोडेल, ड्रायव्हरला सांगून ठेवलंय. ज्यांना त्याच्याही पुढे जायचंय त्यांनी शनिवारपर्यंत मला नावं द्या.